गृहकर्जाच्या हप्त्यांचा तक्ता: मांडण्यापूर्वीची तयारी

सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यातील पगार आणि निफाडकडच्या द्राक्षांचे वर्षातून एकदा हाती येणारे पैसे, अशा दोन्हींतून गृहकर्ज फिटत असलेली घरे नाशिकमध्ये पुष्कळ आहेत. अशा घरातील तक्त्याची खरी परीक्षा मधेच भरलेल्या मोठ्या रकमेच्या ओळीत होते, म्हणून तयारी त्या ओळीचा विचार करूनच करावी.

प्रथम बँकेचा ताजा खातेउतारा हाताशी घ्यावा आणि त्यातून शेवटच्या हप्त्यानंतरची शिल्लक मुद्दल, सध्याचा व्याजदर, ठरलेला हप्ता व हप्त्याची तारीख एवढेच उतरवून घ्यावे. कर्ज घेतल्यापासूनचा सगळा इतिहास भरत बसण्याची गरज नाही. नंतर एक्सेलसारख्या स्प्रेडशीटच्या पहिल्या ओळीत A ते H या स्तंभांना अनुक्रमे तारीख, भरलेली रक्कम, व्याजदर, ठरलेला हप्ता, व्याज, मुद्दल, शिल्लक आणि कर्ज संपण्याचा महिना अशी शीर्षके द्यावीत. दर व हप्ता कोपऱ्यातील एकाच चौकटीत न ठेवता प्रत्येक ओळीत लिहावेत, कारण बदलत्या दराच्या कर्जात पुढे दर बदलला की एका चौकटीवर बेतलेल्या जुन्या ओळीही बदलून जातात.

उदाहरणादाखल ५ एप्रिल २०२६ चा हप्ता गेल्यानंतर ६,००,००० रुपये शिल्लक आहेत, दर ९ टक्के आणि हप्ता १२,००० रुपये आहे असे धरू. दुसऱ्या ओळीत A मध्ये ही तारीख आणि G मध्ये ही शिल्लक लिहावी. तिसरी ओळ ५ मेच्या हप्त्याची. तिच्या A मध्ये ही तारीख, B व D मध्ये 12000 आणि C मध्ये 9% लिहावे. तिच्या E, F, G आणि H या चौकटींत खालील सूत्रे याच क्रमाने भरावीत.

```
=ROUND(G2*C3/12,0)
=B3-E3
=G2-F3
=EDATE(A3,ROUNDUP(NPER(C3/12,-D3,G3),0))
```

व्याज ४,५०० रुपये, मुद्दल ७,५०० रुपये, शिल्लक ५,९२,५०० रुपये आणि अखेरचा महिना जुलै २०३१ असे उत्तर आले, तर मांडणी बरोबर आहे. H मध्ये 48034 असा आकडा दिसला तर त्या चौकटीचे स्वरूप तारखेचे करावे. चालू वर्षाच्याही मागचा महिना दिसला तर D3 आधीचे उणे चिन्ह राहून गेले आहे असे समजावे, आणि #NUM! दिसले तर दरमहाचे व्याज हप्त्याइतके किंवा त्याहून जास्त होत आहे. बहुधा दराच्या जागी 9% ऐवजी नुसते 9 लिहिले गेलेले असते.

आता २० मे रोजी द्राक्षांच्या पैशांतून एक लाख रुपये जादा भरले असे समजू. या रकमेसाठी स्वतंत्र ओळ घ्यावी, B मध्ये एक लाख आणि C व D मध्ये तोच दर व हप्ता लिहावा; F, G आणि H ची सूत्रे खाली ओढावीत, पण E मध्ये सूत्र न ओढता हाताने शून्य लिहावे. सूत्र ओढले तर मे महिन्याच्या हप्त्यात धरलेल्या व्याजानंतर पुन्हा पूर्ण महिन्याचे ४,४४४ रुपये व्याज लागते आणि शिल्लक तेवढी फुगलेली दिसते. शून्य लिहिल्यावर शिल्लक ४,९२,५०० रुपये होते आणि अखेरचा महिना जुलै २०३० वर येतो, म्हणजे पूर्ण एक वर्ष अलीकडे; अर्थात, हप्ता तोच राहिला तर. बँकेने मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला तर हा लाभ बराच घटतो, म्हणून जादा रक्कम भरताना मुदत कमी करावी असे लेखी द्यावे आणि पुढच्या उताऱ्यावरील हप्ता D मध्ये पडताळावा. दर वाढल्यावरही अनेकदा हप्ता न वाढवता मुदतच लांबवली जाते. दराच्या फेररचनेच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही, हा पर्याय कर्जदाराला द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२३ चा निर्देश आहे.

जूनच्या हप्त्यात तक्ता ३,६९४ रुपये व्याज दाखवील, तर बँकेचे व्याज सुमारे ४४० रुपयांनी जास्त असेल, कारण ५ ते २० मे या पंधरा दिवसांत ते एक लाख रुपये अजून फेडायचेच होते आणि बँक रोजच्या शिल्लकेवर, म्हणजे मेचे ३१ दिवस धरून, व्याज आकारते. असा फरक आढळला की त्या ओळीच्या E मध्ये उताऱ्यावरील आकडा लिहून चौकट रंगवावी. पुढची शिल्लक आपोआप जुळते. एप्रिलमध्ये मिळणाऱ्या व्याजाच्या दाखल्याशी वर्षभराच्या E ची बेरीज एकदा ताडून पाहावी.

अखेरचा हप्ता बहुधा पूर्ण बारा हजारांचा नसतो, कारण महिन्यांची संख्या वरच्या अंकाला पूर्ण केलेली असते. शिल्लक हप्त्यापेक्षा कमी झाली की B मध्ये ठरलेला हप्ता न लिहिता बँकेकडून खाते बंद करण्याची नेमकी रक्कम मागवून ती लिहावी आणि G मध्ये शून्य आल्याची खात्री करावी.