पाचव्या महिन्यात कमाटीबागेत पळायला निघण्यापूर्वी

ही तयारी आधीपासून नियमित पळणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना गरोदरपणातच सुरुवात करायची आहे, त्यांनी चालण्यापासून करावी. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचा कागद घेऊन डॉक्टरांना सरळ विचारा: वार खाली आहे का, गर्भाशयाचं तोंड आखूड आहे का, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन कसं आहे? यांतल्या कशावरही डॉक्टर थांबा म्हणाले, तर पुढचं सगळं बाजूला ठेवा.

मग बूट. माझ्या मते बहुतेकजणी इथेच आळस करतात. वजन वाढतं, पायांवर सूज येते, सांध्यांचे बंध सैल होतात आणि तळव्याची कमान थोडी बसते, त्यामुळे पाऊल लांब आणि रुंद होतं. जुन्या बुटात बोटं चेपतात, नखं काळी पडतात. म्हणून दुकानात संध्याकाळी जा, पळताना घालता तेच मोजे घाला आणि उभ्यानेच माप द्या. मोठ्या पावलाच्या सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. अर्धा किंवा एक नंबर वाढू शकतो. टाच मात्र आत सरकता कामा नये. नाडी खुर्चीवर बसून बांधा, दुहेरी गाठ मारा. पोट पुढे आल्यावर तोल बदलतो, त्यामुळे मुळांनी उचललेल्या फरशीपेक्षा सपाट वाट बरी.

वेग घड्याळावर ठरवू नका. गरोदरपणात बसल्या जागीही नाडीचे ठोके वाढलेले असतात, त्यामुळे जुने आकडे फसवतात. बोलून पाहा: पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. समजा, पूर्वी 5 किलोमीटर 35 मिनिटांत होत असत. आता अंतर विसरा आणि 30 मिनिटं धरा: 4 मिनिटं हळू पळणं, 1 मिनिट चालणं. वाक्य तुटायला लागलं की पळणं 2 मिनिटांवर आणा. ओटीपोटात ओढ जाणवली तर पोटाचा पट्टा लावून पाहा. ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाशी दुखत राहिलं तर चालण्यावर या. बडोद्याच्या एप्रिल-मेमध्ये सूर्य वर यायच्या आत घरी परता, पाणी सोबत ठेवा.

सोबत फोन हवा, आणि कुठे जाताय हे घरच्या कुणाला तरी सांगून निघा. योनीतून रक्त किंवा पाणी गेलं, छातीत दुखलं, श्रम सुरू करण्याआधीच धाप लागली, चक्कर आली, जोराचं डोकं दुखलं, डोळ्यांपुढे ठिपके दिसले, तर तिथेच थांबा आणि डॉक्टरांकडे जा. एकाच पोटरीत दुखणं-सूज असेल तर ती चोळू नका, रक्ताची गाठ असू शकते. पाणी गेलं की लघवी, हे कळत नसेल तर पॅड लावा. तो पुन्हा पुन्हा भिजत असेल तर वाट पाहू नका. पोट अधूनमधून कडक होऊन बसल्यावर, पाणी प्यायल्यावर सैल होतं, ते चालतं. ठराविक अंतराने दुखत कडक होऊ लागलं किंवा जाणवू लागलेली बाळाची हालचाल कमी झाली, तर पुढच्या तपासणीची तारीख पाहत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.