हिरव्या रंगाला फसू नका: खात्याच्या बजेट-प्रत्यक्ष रिपोर्टमधल्या या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी हिशेब बघतो. दर महिन्याला प्रत्येक खात्याचा बजेट आणि प्रत्यक्ष खर्चाचा रिपोर्ट काढतो. त्यात बजेट, प्रत्यक्ष, तफावत, टक्के आणि शेवटी एक अक्षर असतं: अनुकूल असेल तर F, प्रतिकूल असेल तर A. वरिष्ठ मंडळी बहुतेक वेळा त्या शेवटच्या अक्षराकडेच बघतात. त्यामुळे ते अक्षर चुकलं की बाकीचे आकडे बरोबर असूनही रिपोर्ट खोटा बोलतो.

गणपतीच्या महिन्यात हे मला नीट कळलं. खानापूर, चंदगडकडची आमची निम्मी माणसं त्या दिवसांत गावी असतात आणि भट्टी काही दिवस बंदच राहते. त्या महिन्याच्या मेल्टिंग खात्याच्या रिपोर्टमध्ये विजेच्या ओळीवर मी हिरवं F लावलं होतं. भट्टीवरचे सुपरवायझर मामा कागद बघून म्हणाले, "ह्या महिन्यात भट्टीनं युनिट जास्त खाल्लंय की हो. हिरवं कसं काय दाखवूलालंय हे?" त्यांचं बरोबर होतं. चूक कुठे होती ते आकड्यांसकट सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून आकडे गोल केले आहेत.

बजेट २०० टनांचं, काम १६० टनांचं

बजेट करताना आम्ही महिन्याला २०० टन धातू वितळेल असं धरलं होतं. इंडक्शन भट्टीला टनामागे ६०० युनिट आणि युनिटचा दर ८ रुपये, म्हणजे टनाला ४,८०० रुपये. त्याशिवाय डिमांड चार्ज २ लाख. तो भट्टी चालो वा न चालो, भरावाच लागतो. अशी विजेची एकूण तरतूद ११,६०,००० रुपये झाली.

प्रत्यक्षात १६० टनच वितळले. युनिट लागले १,०२,४००. त्याचे ८,१९,२०० रुपये आणि डिमांड चार्ज २ लाख, मिळून १०,१९,२००. बजेटमधून वजा केले तर १,४०,८०० रुपये वाचलेले दिसतात. १२.१ टक्के, आणि पुढे हिरवं F.

पण ही बचत नाही. चाळीस टन वितळवलेच नाहीत, मग त्यांची वीज जळणार कशी? खात्याने काम कसं केलं हे बघायचं असेल, तर प्रश्न असा विचारावा लागतो: १६० टनांना किती खर्च यायला हवा होता? टनाला ४,८०० प्रमाणे ७,६८,००० आणि डिमांड चार्ज २ लाख, म्हणजे ९,६८,०००. प्रत्यक्ष खर्च त्याहून ५१,२०० ने जास्त आहे. ५.३ टक्के प्रतिकूल. तोच महिना, तेच बिल, पण अक्षर उलटं.

| | मूळ बजेट, २०० टन | १६० टनांचं बजेट | प्रत्यक्ष, १६० टन |
|---|---|---|---|
| युनिट | १,२०,००० | ९६,००० | १,०२,४०० |
| युनिटचा खर्च | ९,६०,००० | ७,६८,००० | ८,१९,२०० |
| डिमांड चार्ज | २,००,००० | २,००,००० | २,००,००० |
| एकूण | ११,६०,००० | ९,६८,००० | १०,१९,२०० |

दोन्ही आकडे जुळवूनही बघता येतात. उत्पादन घटल्यामुळे खर्च १,९२,००० ने कमी झाला. जास्त युनिट जळल्यामुळे ५१,२०० ने वाढला. दोन्ही मिळून तेच १,४०,८००. पहिला भाग भट्टीच्या हातातला नाही, दुसरा आहे. एकाच ओळीत मिसळले की पहिला दुसऱ्याला झाकून टाकतो.

हे ६,४०० युनिट गेले कुठे, हे मामांनीच सांगितलं. सुट्टीनंतर भट्टी थंड पडलेली होती आणि तिचं लाइनिंग तापवण्यातच पहिली वीज गेली. मोल्डिंगला माणसं कमी असल्यामुळे साचे वेळेवर तयार नव्हते, म्हणून वितळलेला धातू भट्टीत तापवत धरून ठेवावा लागला. धरलेल्या धातूला वीज लागते, पण त्यातून टन वाढत नाही. टनामागे ६०० चे ६४० युनिट झाले ते असे.

असं प्रत्यक्ष कामावर आणलेलं, म्हणजे लवचिक, बजेट करायला शिकल्यावर माणूस दुसरी चूक करतो. मीही केली. एकूण बजेटलाच १६० भागिले २०० ने गुणलं आणि ९,२८,००० काढले. त्यात डिमांड चार्जही ४० हजारांनी घटला, आणि खात्यावर ९१,२०० ची तूट बसली. त्यातले ४० हजार निव्वळ माझ्या गुणाकाराचे होते. म्हणून बजेटच्या प्रत्येक ओळीपुढे एक रकाना ठेवा: हा खर्च कामाबरोबर हलतो की हलत नाही. वीज, पगार अशा ओळींचे दोन तुकडे करावे लागतात, त्याचा कंटाळा करू नका.

टन कुठले मोजायचे हेही आधी ठरवा. भट्टीसाठी वितळलेले टन धरा, पास झालेल्या कास्टिंगचे नव्हे. नाहीतर मोल्डिंगमध्ये जेवढा माल रिजेक्ट होईल, तेवढी वीज भट्टीने जास्त खाल्ली असं दिसेल.

एकच सूत्र सगळ्या ओळींना

ही चूक साधी आहे, पण मी सगळ्यात जास्त हीच पाहिली आहे. खर्च बजेटपेक्षा कमी झाला तर चांगलं, उत्पन्न कमी झालं तर वाईट. शीटमध्ये मात्र एकच वजाबाकी वरपासून खालपर्यंत ओढलेली असते. आमच्या खात्याला बाहेरच्यांचा धातू ओतून दिल्याचं जॉबवर्क मिळतं. बजेट ३ लाख, आले २ लाख ७० हजार. बजेटमधून प्रत्यक्ष वजा केलं की अधिक ३० हजार येतात आणि घटलेल्या उत्पन्नाला हिरवा रंग लागतो.

उपाय म्हणून प्रकाराचा वेगळा रकाना ठेवा. उत्पन्नाला I, खर्चाला E. खाली B मध्ये प्रकार, C मध्ये बजेट आणि D मध्ये प्रत्यक्ष आहे. C मध्ये आलेलं बजेट वर सांगितल्याप्रमाणे प्रत्यक्ष कामावर आणलेलं असावं. तफावत, टक्के आणि अक्षर यांची सूत्रं अशी:

```
E2: =IF(B2="I",D2-C2,IF(B2="E",C2-D2,"प्रकार?"))
F2: =IF(ISTEXT(E2),"",IF(C2=0,"बजेट नाही",E2/C2))
G2: =IF(ISTEXT(E2),"",IF(E2=0,"-",IF(E2>0,"F","A")))
```

आता अधिक म्हणजे नेहमी अनुकूल, उणे म्हणजे नेहमी प्रतिकूल. पहिल्या सूत्रात मी जाणूनबुजून दुसरा IF घातला आहे. पूर्वी आम्ही "उत्पन्न" आणि "खर्च" असे शब्द टाइप करायचो. एका ओळीत "उत्पन्न"नंतर एक रिकामी जागा राहिली, डोळ्याला काहीच दिसेना, आणि एक्सेलने ती ओळ गुपचूप खर्चात धरली. आता I किंवा E सोडून काहीही असलं तर रकान्यात "प्रकार?" उमटतं. त्या रकान्याला यादीतून निवडण्याचं बंधन घातलं तर आणखी बरं. हिरवा-लाल रंगही तफावतीच्या आकड्यावर न लावता G मधल्या अक्षरावर लावा.

टक्क्यांचा रकाना

भाजक बजेटच असला पाहिजे. प्रत्यक्ष खर्चाने भागलं तर आमचे ५१,२०० हे ५.३ ऐवजी ५ टक्के दिसतात. फरक बारीक वाटतो, पण तफावत मोठी होत जाते तशी ही चूकही फुगते. बजेट शून्य असेल तिथे टक्का काढूच नका. "बजेट नाही" असंच लिहा, कारण मंजुरीशिवाय झालेला खर्च हाच तिथला खरा मुद्दा असतो. बेरजेच्या ओळीत टक्क्यांची बेरीज किंवा सरासरी घेऊ नका. एकूण तफावतीला एकूण बजेटने भागा.

खुलासा कशाचा मागायचा, यासाठी टक्के आणि रुपये अशा दोन्ही मर्यादा लागतात. आम्ही ५ टक्के आणि १० हजार रुपये, दोन्ही ओलांडले तरच विचारतो. चहापाण्यावर दोन हजारांचे तीन हजार झाले तर ५० टक्के दिसतात, पण तेवढ्यासाठी बैठक घेण्यात अर्थ नाही.

दर कुठला धरला?

सीमेवर असल्यामुळे आमच्याकडे कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडच्या कारखान्यांच्या शीट सहज येतात. रकाने घ्या, दर घेऊ नका. तिकडचे विजेचे दर महाराष्ट्राचा वीज नियामक आयोग ठरवतो, आपले कर्नाटकचा. आणि वर्षाच्या मध्ये दर बदलला, तर त्यातून आलेला फरक वेगळ्या ओळीत काढा. युनिटला २० पैसे वाढले असते, तर १,०२,४०० युनिटांवर २०,४८० रुपये दरामुळे गेले असते. ते भट्टीच्या माणसांच्या माथी मारणं अन्याय आहे.

बिल आलं नाही म्हणून खर्च झाला नाही असं नाही

हेस्कॉमचं बिल पुढच्या महिन्यात हाती येतं. बिल ज्या तारखेला येईल त्या महिन्यात नोंद केली, तर गणपतीच्या महिन्यासमोर आधीच्या पूर्ण उत्पादनाच्या महिन्याची वीज येऊन बसते: ११,६०,००० रुपये. १६० टनांच्या ९,६८,००० समोर हे १,९२,००० ने, म्हणजे जवळजवळ २० टक्के प्रतिकूल दिसतं. पुढच्या महिन्यात उलटं होतं. लागोपाठच्या महिन्यांत अक्षर A आणि F असं झोके घेत असेल आणि वर्षभराची बेरीज मात्र बजेटच्या जवळ असेल, तर आधी इथेच शोधा.

एक सोपी तपासणी आहे. नोंदवलेले युनिट त्या महिन्याच्या टनांनी भागा. १,२०,००० भागिले १६० म्हणजे ७५०. इतका फरक नुसत्या थंड लाइनिंगने आणि धरून ठेवलेल्या धातूने पडत नाही, हे मामा एका नजरेत सांगतील. बिल दुसऱ्या महिन्याचं आहे.

म्हणून आम्ही १ तारखेला सकाळी पहिल्या शिफ्टच्या आधी मीटरचं रीडिंग घेतो, युनिट काढतो आणि गेल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेला तरतुदीची नोंद टाकतो. आमच्या उदाहरणात ती १०,१९,२०० ची. त्याच दिवशी, म्हणजे १ तारखेला, ती उलटवतो. उलटवायची राहिली तर बिल आल्यावर तोच खर्च दुसऱ्यांदा मोजला जातो. उलटवलेली रक्कम आणि आलेलं बिल यांत थोडा फरक राहतो, तो त्या महिन्यात "मागील महिन्याची दुरुस्ती" म्हणून वेगळा दाखवतो.

शेऱ्याच्या रकान्यात मी पूर्वी "उत्पादन कमी" एवढंच लिहायचो. आता त्या महिन्याचा शेरा असा आहे: "१६० टनांना ९६,००० युनिट अपेक्षित, लागले १,०२,४००. सुट्टीनंतर थंड लाइनिंग, साच्यांअभावी धातू धरून ठेवला. पुढच्या वेळी साचे तयार झाल्याचा निरोप आल्यावरच भट्टी चालू करणे." शेवटचं वाक्य मामांनी सांगितलं, मी फक्त लिहून घेतलं.