मुरबाडची भेंडी, डिझेल इंजिन आणि सोलर पंप: अर्जाआधीची तयारी

भात निघालं की मुरबाड-शहापूरकडे भेंडीची लगबग सुरू होते, आणि सोलर पंपाचा विषयही तेव्हाच निघतो. अर्ज भरण्याआधी आपलं इंजिन तासाला किती डिझेल पितं ते मोजून घ्या. टाकी काठोकाठ भरा, नेहमीच्या वेगाने बरोबर एक तास पाणी द्या, मग इंजिन थंड झाल्यावर मापाच्या भांड्याने पुन्हा काठापर्यंत भरा. जेवढं ओतलं तेवढं तासाचं डिझेल. अंदाजावर जाऊ नका, पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर उभा राहतो.

मग नोव्हेंबर ते मे या काळात इंजिन किती तास चालतं ते वहीत लिहा. पावसाळ्याचे महिने धरू नका, तेव्हा वाचण्यासारखं काही नसतं.

दोन एकर भेंडीचं उदाहरण घेऊ. १५० दिवस, रोज ३ तास, तासाला ०.८ लिटर, म्हणजे ३६० लिटर. ९० रुपये भावाने ३२,४०० रुपये. ऑइल, फिल्टर, दुरुस्तीचे ५,००० धरा. वर्षाला ३७,४००. पुढच्या वर्षांचा खर्च आजच्या किमतीत आणायला सोसायटीचं किंवा सोनेतारणाचं कर्ज ज्या दराने मिळतं तो दर घ्या. १० टक्के धरला तर दहा वर्षांसाठी एका वर्षाच्या खर्चाला ६.१४५ ने गुणायचं. डिझेलचा आजच्या किमतीतला खर्च झाला सुमारे २,३०,००० रुपये.

आता ३ एचपी सोलर, किंमत २ लाख धरू. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५ टक्के. म्हणजे २०,००० भरले. वर्षाची देखभाल २,००० धरली. हमी पाच वर्षांची, म्हणून सातव्या वर्षी कंट्रोलरसाठी २०,००० बाजूला ठेवा, त्याची आजची किंमत सुमारे १०,३००. एकूण ४२,६००. एनपीव्ही, म्हणजे आजच्या किमतीतला निव्वळ फायदा, सोलरच्या बाजूने जवळपास १,८७,०००. अनुदान नसतं तर हाच फायदा जेमतेम ७,००० उरतो, आणि वर्षाला फक्त १२० तास इंजिन लावणाऱ्याला तर तोटाच. हिस्सा १० टक्केच धरला की अनुदान हिशोबात आलं. ते वेगळं उत्पन्न म्हणून पुन्हा मिळवू नका.

कागदांत सातबारावर विहिरीची नोंद आहे ना ते आधी पाहा, आणि विहीर सामाईक असेल तर हिस्सेदारांचं ना हरकत पत्र घेऊन ठेवा. अडीच एकरांपर्यंत ३ एचपीच मिळतो.

शेवटी जागा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो, सावल्या लांबतात. सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता पॅनेलच्या जागी स्वतः उभे राहून आंब्याची सावली कुठवर येते ते बघा. पॅनेल एकामागे एक जोडलेले असतात, एकावर सावली आली तरी पाणी कमी होतं. त्यापायी रोज एक तास जरी इंजिन लावावं लागलं, तरी वर्षाला १२० लिटर जातात. दहा वर्षांचे सुमारे ६६,००० त्या १,८७,००० मधून वजा करा.