एचआर नसलेल्या स्टार्टअपमध्ये मालकाचा जाच: नोंद ठेवताना या चुका टाळा

छोट्या स्टार्टअपमध्ये पगार देणारा, रजा मंजूर करणारा आणि शिव्या घालणारा माणूस एकच असतो. तक्रारही त्याच्याकडेच करायची! अशा वेळी हाताशी उरते ती वेळच्या वेळी केलेली नोंद, आणि नेमका तिथेच घोळ होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘सर माझ्याशी फार वाईट वागले’ असं लिहून ठेवणं. सर म्हणतील, ‘मी फक्त फीडबॅक दिला’, आणि विषय संपला. त्यापेक्षा असं लिहा: ‘मंगळवार, ४ तारीख, संध्याकाळी ६.४०. टीम कॉल, डिझाइनचे दोघे हजर. शब्द: अक्कल गहाण टाकलीस का? या महिन्याचा पगार विसर. मी सांगितलं, क्लायंटने मजकूर आज दुपारी बदलला. त्यांनी कॉल कापला.’ शिवी दिली असेल तर तीही जशीच्या तशी लिहा, लाजू नका. नोंद त्याच दिवशी करा. महिन्याभराने आठवून लिहिलेल्या यादीवर सहज शंका घेता येते.

मग त्याच संध्याकाळी शांत भाषेत एक मेल टाका: ‘आजच्या कॉलवर या महिन्याचा पगार मिळणार नाही असं आपण म्हणालात. माझा काही गैरसमज झाला असेल तर कळवावं. क्लायंटचा दुपारचा मेल याच थ्रेडमध्ये आहे.’ उत्तर आलं तर ते लेखी आलं. नाही आलं, तरी तुम्ही तेव्हाच विचारलं होतं हे राहतं. मेलमध्ये टोमणे मात्र नकोत, पुढे तेच वाचून दाखवले जातात.

हे सगळं कंपनीच्या लॅपटॉपवर ठेवणं ही दुसरी चूक. काढून टाकतात त्या दिवशी लॉगिनही बंद होतं. डायरी स्वतःकडे ठेवा. तुमच्याशी झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट घेताना नाव, तारीख आणि मागचेपुढचे मेसेज दिसू द्या. पण रागाच्या भरात ग्राहकांची यादी किंवा कोड स्वतःच्या मेलवर पाठवलात, तर डेटाचोरीचा आरोप तुमच्यावरच येईल. चोरून कॉल रेकॉर्ड करण्याआधीही कायदा पाहा. काही देशांत ते चालतं, जर्मनीत तो गुन्हा ठरू शकतो.

पुढे कुठे जायचं? थकलेल्या पगारासाठी कामगार खातं. मारहाण, धमकी किंवा लैंगिक छळ असेल तर थेट पोलीस किंवा त्यासाठी नेमलेली यंत्रणा. काही ठिकाणी तक्रारीची मुदत जेमतेम तीन महिन्यांची असते, त्यामुळे ती आधी विचारून घ्या. गुंतवणूकदारांना लिहिता येतं, पण त्यांचा पैसा संस्थापकावर लागलेला असतो, हे विसरू नका. एकट्याच्या भावनिक पत्रापेक्षा तिघाचौघांच्या सहीचा, तारीखवार दोन पानी तपशील त्यांना टाळणं अवघड जातं.

आणि राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नका. हिशेब चुकता करताना ‘माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार वा मागणी उरलेली नाही’ अशा ओळीखाली सही मागितली, तर तो कागद आधी वकिलाला दाखवा.