मुदतीआधी घर सोडावं म्हणून मालकाने पाणी तोडलं : माझा अनुभव

पुण्यात भाडेकराराची मुदत बाकी असताना मालकाने फक्त आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करून कुलूप घातलं. फोन केले की 'मोटर बिघडलीय' हे उत्तर. सोसायटीने हात वर केले. पोलीस चौकीत 'दिवाणी बाब आहे' ऐकलं. डोकं फिरलं होतं.

उपयोग झाला तो लेखी हरकतीचा. आधी कुलूपबंद व्हॉल्व्ह आणि शेजाऱ्यांचा चालू नळ एकाच व्हिडिओत घेतला. भाडं थकवलं नाही, नाहीतर मालकाला आयतं कारण मिळतं. मग पत्र लिहिलं: पाणी कधी बंद झालं, भाडं कुठवर भरलंय, करार कधीपर्यंत आहे. शेवटी, 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 29 नुसार अत्यावश्यक पुरवठा तोडता येत नाही. 24 तासांत पाणी सुरू करा, अन्यथा लघुवाद न्यायालयात अंतरिम आदेशासाठी अर्ज करीन.' पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने, शिवाय व्हॉट्सॲपवर. एक प्रत चौकीत देऊन माझ्या प्रतीवर शिक्का घेतला.

शिक्क्याचा फोटो पाठवल्यावर संध्याकाळी कुलूप निघालं. वीज तोडली तरी हेच कलम. मात्र करार 'लिव्ह अँड लायसन्स'चा असेल, तर कलम लिहिण्याआधी तो वकिलाला दाखवा. कायदा भाडेकरू आणि परवानाधारक यांत फरक करतो.