लीड टाइम बदलतो तेव्हा मॅक्झिमम लेव्हलचं गणित का अडतं

कॉस्टिंगमध्ये मटेरियलचं प्रकरण सोपं समजलं जातं, आणि लीड टाइम एकच आकडा असेल तर ते सोपं आहेच. ‘माल येण्यास २ ते ४ आठवडे लागतात’ हे वाक्य आलं की मात्र चित्र बदलतं. वापराचे तीन आकडे, लीड टाइमचे तीन आकडे, आणि कुठल्या लेव्हलला कुठली जोडी घ्यायची ते ठरवायचं. सूत्रं तुम्हाला येतात असं धरून चालते. सीए इंटरमिजिएट, सीएमए किंवा बी.कॉम. करणाऱ्या कुणालाही ती येतातच. तरीही उत्तरं चुकतात, आणि बहुतेक वेळा एकाच जागी चुकतात. त्या जागेवर मी फार दिवस अडकून होते, म्हणून लिहितेय.

आधी एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून ठेवू. आकडे मी बनवलेले आहेत. हिंगणा एमआयडीसीत पंप जोडणारं एक छोटं युनिट आहे. त्याला बाहेरगावाहून बेअरिंग येतात. आठवड्याला सरासरी ३०० लागतात, कमीत कमी १५०. लीड टाइम सरासरी ३ आठवडे, जास्तीत जास्त ४. एका ऑर्डरचा खर्च ७८० रुपये, बेअरिंगची किंमत ५० रुपये, आणि साठा सांभाळण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या २० टक्के. वर्ष ५२ आठवड्यांचं.

गणितात सगळे आकडे सरळ दिलेले नाहीत, आणि पेपरातही असंच येतं. सरासरी ही कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्या मधोमध असते असं धरायचं. म्हणजे जास्तीत जास्त वापर ३०० च्या दुपटीतून १५० वजा करून ४५०, आणि कमीत कमी लीड टाइम ३ च्या दुपटीतून ४ वजा करून २ आठवडे. हे गृहीतक आहे, म्हणून वर्किंग नोटमध्ये एका ओळीत लिहा. न लिहिता थेट ४५० वापरला तर तपासणाऱ्याला तो आकडा कुठून आला ते कळणार नाही.

आता ईओक्यू. वार्षिक वापर ३०० गुणिले ५२, म्हणजे १५,६००. इथे सरासरी वापरच घ्यायचा. रीऑर्डर लेव्हल आधी काढलेली असली की ४५० डोक्यात घोळत राहतो आणि हात आपोआप ४५० गुणिले ५२ लिहितो. तसं केलं तर ईओक्यू सुमारे १,९११ येतो आणि पुढची मॅक्झिमम लेव्हलही बिघडते. ईओक्यू वर्षभराच्या खर्चाचा हिशोब आहे आणि वर्षभर कुणी रोज जास्तीत जास्त माल वापरत नाही. एका बेअरिंगचा सांभाळ खर्च ५० च्या २० टक्के, म्हणजे १० रुपये. मग:

```
EOQ = √(2 × 15600 × 780 ÷ 10) = √2433600 = 1560
```

वर्षाला बरोबर १० ऑर्डर. आणि एक गोष्ट लक्षात आली का? ईओक्यूमध्ये लीड टाइम कुठेच नाही. लीड टाइम कितीही हलला तरी १,५६० हलत नाही. लीड टाइम ठरवतो की ऑर्डर कधी द्यायची. किती द्यायची ते नाही.

रीऑर्डर लेव्हल म्हणजे जास्तीत जास्त वापर गुणिले जास्तीत जास्त लीड टाइम: ४५० गुणिले ४, १,८००. मिनिमम लेव्हल म्हणजे त्यातून सरासरी वापर गुणिले सरासरी लीड टाइम वजा: १,८०० वजा ९००, म्हणजे ९००. इथवर बहुतेकांची गाडी नीट येते.

आता ती जागा.

मॅक्झिमम लेव्हलच्या सूत्रात रीऑर्डर लेव्हल अधिक ईओक्यू, आणि त्यातून कमीत कमी वापर गुणिले कमीत कमी लीड टाइम वजा. नाव मॅक्झिमम, आणि आत दोन्ही मिनिमम. मला हे कितीतरी दिवस पटतच नव्हतं. ज्या क्लासला जात होते तिथे विचारलं तर ‘पाठ करा, असं का ते पेपरात विचारत नाहीत’ एवढंच उत्तर मिळालं. माझं स्पष्ट मत आहे की असं सांगणाऱ्याकडून हे प्रकरण शिकू नका. पाठ केलेलं सूत्र घरी आठवतं. पेपरात मिनिमम लेव्हल लिहून झाल्यावर लगेच मॅक्झिममकडे वळलं की ताजी ९०० ची वजाबाकी पुन्हा हाताखाली येते. मग उत्तर १,८०० अधिक १,५६० वजा ९००, म्हणजे २,४६० येतं. आकडा अगदी शहाणा दिसतो, म्हणून संशयही येत नाही.

मला ते उलगडून दिलं आर्टिकलशिपमध्ये, एका कारखान्याच्या स्टॉक तपासणीला गेले होते तेव्हा तिथल्या स्टोअरकीपर काकांनी. बिन कार्डवर वर ‘जास्तीत जास्त’ असा एक आकडा लिहिलेला होता. तो कसा काढता, असं विचारलं. काका म्हणाले, “हे पाह्य बाई, ऑर्डर तर देऊन बसलो. आता ट्रक लवकर आला अन् इकडं माल खपलाच नाही, तर ठेवशील कुठं? त्या दिवशी रॅकवर जेवढा माल राहील, तेवढा हा आकडा.”

एवढंच आहे. आपल्या आकड्यांवर चालवून बघा. साठा १,८०० वर आला, ऑर्डर गेली. ट्रक लवकरात लवकर, २ आठवड्यांत आला. त्या २ आठवड्यांत काम मंद होतं, आठवड्याला १५० च बेअरिंग गेले. म्हणजे ३०० खर्च झाले आणि रॅकवर १,५०० उरले. त्यावर नवे १,५६० आले. एकूण ३,०६०. सूत्रानेही तेच: १,८०० अधिक १,५६० वजा ३००. साठा सगळ्यात वर जायचा तर मधल्या काळात माल कमीत कमी संपला पाहिजे, म्हणून आत दोन्ही आकडे छोटे.

आता उरलेल्या दोन लेव्हलही याच तऱ्हेने बघा. खप सगळ्यात वेगाने आणि ट्रक सगळ्यात उशिरा: ४ आठवड्यांत १,८०० जातात आणि माल दारात येतो तेव्हा रॅक नेमका रिकामा असतो. रीऑर्डर लेव्हल एवढी का, त्याचं उत्तर हेच. सगळं नेहमीसारखं चाललं तर ३ आठवड्यांत ९०० जातात आणि ट्रक येतो तेव्हा ९०० शिल्लक असतात. ही मिनिमम लेव्हल. तीन प्रसंग, तीन जोड्या. कमीत कमी वापरासोबत जास्तीत जास्त लीड टाइम अशी तिरपी जोडी यातल्या कुठल्याच प्रसंगात येत नाही. काही जण ती हमखास मांडतात आणि मग आकडा कशाचा आहे ते त्यांनाच सांगता येत नाही.

उत्तर तपासायला मी अजूनही हेच करते. सूत्राने आलेला आकडा बाजूला ठेवते आणि ट्रक येण्याच्या क्षणी रॅकवर काय असेल ते मोजते. जुळलं नाही तर जोडी चुकलेली आहे. अर्धं मिनिट लागतं. ‘मॅक्स-मॅक्स, ॲव्हरेज-ॲव्हरेज, मिन-मिन’ असा रंगीत तक्ता भिंतीवर लावण्यापेक्षा हे अर्धं मिनिट मला जास्त भरवशाचं वाटतं. तक्ता हवा असेल तर लावा, पण त्याच्या जिवावर पेपरला बसू नका.

एककांचं एकदाच सांगते, कारण ते समजायला अवघड नाही, फक्त नजरेतून सुटतं. वापर आठवड्याचा आणि लीड टाइम दिवसांत दिला असेल तर गुणाकाराआधी दोन्ही एकाच एककात आणा. १४ ते २८ दिवस म्हणजे २ ते ४ आठवडे. आणि ‘तातडीच्या खरेदीस १ आठवडा लागतो’ असं वाक्य आलं तर तो १ आठवडा कमीत कमी लीड टाइम म्हणून वापरू नका. तो डेंजर लेव्हलसाठी आहे: सरासरी वापर गुणिले तातडीचा काळ, म्हणजे इथे ३००. नेहमीच्या खरेदीचा कमीत कमी काळ २ आठवडेच राहतो.

सरासरी साठ्याबद्दल घाबरू नका. पुस्तकात दोन सूत्रं असतात आणि दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. मिनिमम लेव्हल अधिक ईओक्यूचा अर्धा भाग, म्हणजे ९०० अधिक ७८०, १,६८०. मॅक्झिमम आणि मिनिममची सरासरी काढली तर १,९८०. आपलं काही चुकलं असं वाटून मी पूर्ण गणित पुन्हा सोडवत बसायचे. चुकलेलं काहीच नसतं. नेहमीच्या चक्रात साठा ९०० वरून २,४६० वर जातो आणि परत उतरतो, त्याचा मध्य १,६८०. दुसऱ्या सूत्रात वरचं टोक ३,०६० आहे, जे क्वचित कधी गाठलं जातं. तुम्ही वापरलेलं सूत्र लिहून दाखवा आणि पुढे जा.

शेवटी एक गोष्ट, जी पेपरात सहसा विचारत नाहीत पण स्टोअरमध्ये लगेच समोर येते. आपल्या उदाहरणात रीऑर्डर लेव्हल १,८०० आणि ईओक्यू १,५६०; म्हणजे लेव्हल ऑर्डरपेक्षा मोठी आहे. वाईटात वाईट प्रसंगात रॅक शून्यावर येतो, मग १,५६० बेअरिंग येतात, आणि नवा माल लावून झाल्यावरही साठा १,८०० च्या खालीच असतो. तेव्हा कुठे दुसरी ऑर्डर दिली, खप ४५० चाच राहिला आणि तो ट्रकही ४ आठवड्यांनी आला, तर लागतील १,८०० आणि असतील १,५६०. शेवटच्या आठवड्यात २४० बेअरिंग कमी पडतील. म्हणून अशा ठिकाणी १,८०० शी फक्त रॅकवरचा माल ताडून बघत नाहीत. वाटेत असलेली ऑर्डर त्यात मिळवतात. पहिली ऑर्डर गेली की हिशोबातला साठा ३,३६० होतो. आठवड्याला ४५० च्या वेगाने तो साडेतीन आठवड्यांच्या आतच १,८०० वर येतो, आणि पहिला ट्रक दारात यायच्या आधीच दुसरी ऑर्डर द्यायची वेळ होते. स्टॉक कंट्रोल कार्डवर शिलकीच्या शेजारी ‘ऑर्डर दिलेली’ असा वेगळा रकाना असतो, तो याचसाठी.