पाण्याखालचा सीन: सगळंच दबवलं की दूर काहीच उरत नाही

साउंडमध्ये नवीन आलेल्याच्या हातात पाण्याखालचा सीन पडला की पहिली गोष्ट ठरलेली असते. सगळे ट्रॅक एका बसवर नेतो, त्यावर लो-पास फिल्टर लावतो, कटऑफ ५०० हर्ट्झच्या आसपास आणतो, वर थोडा रिव्हर्ब. ऐकायला पाण्याखालचं नाही, स्पीकरवर गोधडी टाकल्यासारखं वाटतं. दबलेला आवाज दूरचा वाटायला त्याच्या शेजारी न दबलेलं, अगदी जवळचं काहीतरी ऐकू यावं लागतं. सगळंच दबलं तर कानाला तुलना करायला काही उरत नाही.

खऱ्या पाण्यात आवाज दबत नाही, हेही लक्षात असू द्या. हायड्रोफोन समुद्रात सोडला तर बारीक तडतड, खरखर, भरपूर तीव्र आवाज ऐकू येतात. आवाज अडतो तो पृष्ठभागावर. हवेतून आलेल्या ध्वनीची जवळपास सगळी ऊर्जा पाण्यावरून परतते, हजारातला एखादा भाग आत उतरतो. म्हणजे ‘वरचं’ दबलेलं आणि ‘पाण्यातलं’ उघडं, ही विभागणी भौतिकशास्त्रालाही धरून आहे आणि सीनलाही सोयीची आहे.

एक साधा सीन घेऊ. चाळीसेक सेकंदांचा. एक मुलगी होडीतून पाण्यात पडते, खाली जाते, वरून मैत्रीण हाक मारते, एक मोटरबोट डोक्यावरून जाते, मग मुलगी वर येते. मी सेशन उघडल्यावर तीन फोल्डर करतो: ‘अंग’, ‘पाणी’ आणि ‘वर’. अंगमध्ये तिचे बुडबुडे, कपड्यांची सळसळ, घशातला आवाज. पाणीमध्ये घरघर आणि बोट. वरमध्ये हाक, लाटांची चुळबुळ, होडीवरची गडबड. फिल्टर प्रत्येक फोल्डरला वेगळा. मास्टरवर काहीही नाही.

‘वर’ सगळ्यात सोपा. हाकेवर ६०० हर्ट्झचा लो-पास, उतार १२ डीबी प्रति ऑक्टेव्ह. २४ चा उतार लावला तर आवाज कापल्यासारखा होतो, फिल्टर ऐकू येतो. ६०० वर व्यंजनं जातात आणि स्वरांचा चढउतार राहतो, म्हणजे शब्द कळत नाहीत पण कुणीतरी नाव घेतंय हे कळतं. डायरेक्टरला नाव समजायलाच हवं असेल तर कटऑफ बाराशे-पंधराशेपर्यंत उघडा, पण मग लेव्हल आणखी खाली घ्या, नाहीतर मैत्रीण शेजारी पोहत असल्यासारखी वाटेल. खरं तर इतक्या खाली ती हाक जेमतेमच पोचली असती. सिनेमात तेवढी सूट घ्यावी लागते.

बुडबुड्यांवर मात्र वेळ घालवा, कारण सीन त्यांच्यावर उभा राहतो. लायब्ररीत मिळणारे बहुतेक बुडबुडे एका लयीत येतात आणि लगेच मासे ठेवायच्या काचेच्या टाकीतला पंप आठवतो. माणसाचे बुडबुडे श्वासाला बांधलेले असतात: आधी मोठा लोट, मग मध्यम, मग शेवटची बारीक कुरकुर. त्यांचा सूर आकारावर ठरतो. पृष्ठभागाजवळ १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा साधारण ३३०० हर्ट्झला वाजतो, १ सेंटिमीटरचा ३३० ला. त्रिज्या दहापट, सूर दहापट खाली. हा हिशेब फार उपयोगी पडतो. नळीने बादलीत फुंकून रेकॉर्ड केलेले बुडबुडे अर्ध्या वेगाने वाजवले की सूर एक ऑक्टेव्ह उतरतो, म्हणजे कानाला बुडबुडा दुप्पट मोठा वाटतो. म्हणून रेकॉर्डिंग ९६ किलोहर्ट्झला करा आणि वरच्या पट्टीतले आवाज टिपणारा माइक घ्या. मग वेग अर्धा केल्यावरही वरची चमक शिल्लक राहते. वेग चौथाईवर नेला तर एकेका बुडबुड्याची शेपटी लांबते आणि पाणी काकवीसारखं घट्ट वाटू लागतं. ते स्वप्नाच्या सीनला चालेल, इथे नाही.

आपल्या सीनमध्ये पडल्याबरोबरचा लोट अर्ध्या वेगाचा, त्यानंतरचे बारीक बुडबुडे मूळ वेगाचे. दोन्ही कोरडे, रिव्हर्ब नाही, लो-पास नाही, मध्यभागी. हे आपलं ‘जवळ’. मुलगी खाली जाताना बुडबुडे विरळ होत जातात आणि हाक येण्याआधी थांबतात. तिच्याकडे हवा उरलेली नाही हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही.

आता बोट. इथे हवेतला ‘सूं करून गेली’ आवाज उचलून फिल्टर करू नका. पाण्यात ध्वनी सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, हवेत ३४०. सेकंदाला १० मीटर वेगाची बोट डोक्यावरून गेली तर हवेत तिचा सूर एकूण कोमल रे वरून सा वर आल्याइतका उतरतो. पाण्यात त्याच्या जेमतेम पाव. तयार आवाजात हा उतार आधीच भरलेला असतो आणि डोळ्यांना पाणी दिसत असताना कान रस्त्यावर उभा राहतो. एका वेगाने चालणाऱ्या इंजिनाचं सरळ रेकॉर्डिंग घ्या आणि जवळ येणं फिल्टरने दाखवा: दूर असताना कटऑफ ३०० वर, फक्त गुणगुण, डोक्यावर येताना तो २५०० पर्यंत उघडतो आणि पंख्याची सळसळ दिसू लागते, मग पुन्हा मिटतो. सोबत रिव्हर्ब उलट दिशेने, दूर जास्त, जवळ कमी. पाण्यात आवाज दोन्ही कानांना जवळजवळ एकाच वेळी पोचतो, त्यामुळे दिशा नीट कळत नाही. म्हणून बोट डावीकडून उजवीकडे पळवत नाही. अरुंद ठेवतो आणि ऐन डोक्यावर रुंद करतो.

घरघर ४० ते ६० हर्ट्झला, ३० च्या खालचं काढून टाकलेलं, मोनो. ती पहिल्या फ्रेमपासून लावू नका. लोट ओसरला की हळूच वर आणा, म्हणजे खोली वाढल्यासारखी वाटते. फोनवर ही पट्टी वाजतच नाही, त्यामुळे तिला थोडं सॅच्युरेशन देऊन शंभर-दोनशेच्या भागात हार्मोनिक्स तयार करा. तपासायला मॉनिटरवर १५० हर्ट्झचा हाय-पास लावून बघा. सीन एकदम उथळ झाला तर हार्मोनिक्स कमी पडतायत.

पडण्याच्या क्षणी ‘वर’चा कटऑफ २० किलोहर्ट्झवरून ६०० वर तीन फ्रेममध्ये येतो, २४ फ्रेमच्या हिशेबाने १२५ मिलिसेकंद. एका फ्रेमला केलं तर कट वाटतो, सेकंदभर घेतला तर फिल्टर फिरवल्याचा आवाज येतो. वर येताना मात्र एकाच फ्रेमला उघडा आणि घरघर त्याच क्षणी तोडा.

मिक्सिंगला देताना फिल्टर छापलेले ट्रॅक देऊ नका. मूळ क्लिप आणि ऑटोमेशन वेगवेगळं द्या, आणि तीन फोल्डर तसेच ठेवा. मोठ्या हॉलमध्ये ६०० चा कटऑफ तुमच्या हेडफोनपेक्षा वेगळा ऐकू येतो. तिथे बसलेल्या मिक्सरला तो ८०० करावासा वाटला तर त्याला ते एका नॉबने करता आलं पाहिजे.